वर्षभर थांबायचं, पण कशासाठी?

बारावीनंतर नीट पुन्हा द्यायची, असं भाचीनं ठरवलं तेव्हा घरात दोन तट पडले. आपा म्हणाली, "पोरगी वर्षभर घरी बसली की स्वयंपाक आणि पाहुणे तिच्याच गळ्यात पडणार." आपाचं म्हणणं मला खरं वाटलं. पण मी आधी मार्क मागितले.

७२० पैकी ३७२. जीवशास्त्रात ३६० पैकी २३८, रसायनात १८० पैकी ९३, भौतिकशास्त्रात १८० पैकी ४१. नुसत्या बेरजेवरून काही कळत नाही. आम्ही भौतिकचे ४५ प्रश्न घेऊन बसलो. १४ बरोबर, १५ चूक, १६ सोडलेले. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकीला एक जातो. म्हणजे ५६ मधून १५ गेले. मग प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायला लावलं: धडाच येत नव्हता, गणितात अडकले, की प्रश्नच कळला नाही?

तिसऱ्या रकान्यानं मला थांबवलं. एका प्रश्नात 'लाइट स्ट्रिंग' होतं. तिनं लाइट म्हणजे प्रकाश धरला. तिथं अर्थ असतो, दोरीचं वस्तुमान धरू नका. 'स्मूथ' म्हणजे नुसतं गुळगुळीत नव्हे, घर्षण शून्य. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी. शब्द पाठ झाले, पण गणितात त्यांचं काय करायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. (उर्दू पर्याय घेतला तर प्रश्नपत्रिकेत शेजारी इंग्रजीही असते. पण तिला आता उर्दू संज्ञाच आठवत नाहीत.)

मी म्हटलं, "बेटा, वर्षाचा निर्णय पंधरा दिवसांनी घेऊ." एकच धडा निवडला, गतीचे नियम. सुरुवातीला जुन्या पेपरांतले वीस प्रश्न दिले, सहा आले. मग अकरावीचं एनसीईआरटी ओळीओळीनं, नववी-दहावीचं गुणोत्तर आणि आलेख, आणि अशा फसव्या शब्दांची वही. पंधराव्या दिवशी न पाहिलेले वीस प्रश्न दिले. तेरा आले.

सहाचे सातच झाले असते, तर मी बीएस्सीला प्रवेश घे म्हटलं असतं. तोच अभ्यास, तीच पुस्तकं वर्षभर पुन्हा वाचली तर आकडा फारसा हलत नाही. दरवर्षी वर्गातली अशी मुलं पाहते. हिचा अडथळा मात्र नेमका आणि सुटणारा होता.

राहिला आपाचा मुद्दा. घरात आठ तास सलग मिळणार नव्हते, म्हणून मोहल्ल्यातली अभ्यासिका लावली, सकाळी आठ ते चार. पहिले दोन महिने फक्त गणिताची डागडुजी आणि अकरावीचं भौतिक. जीवशास्त्र रोज तासभर, विसरू नये इतकंच. दर रविवारी दोन ते पाच पूर्ण पेपर, खऱ्या परीक्षेच्या वेळेत. सोमवारी त्याच तीन रकान्यांत चुका.

आपानं एकच अट घातली: रविवारची दावत असली तरी पेपर आधी. दूल्हाभाईंनी ती खानदानातल्या सगळ्यांना फोन करून कळवली.