मोकळं अस्तर

स्कर्टचं अस्तर बिघडलंय हे आरशासमोर उभं राहून कळत नाही, चालताना कळतं. थोडं चाललं की अस्तराची बाजूची शिवण पुढे सरकू लागते, नडगीवर येते, कापड दोन पायांच्या मध्ये गोळा होतं आणि बाईला चारचौघांत वाकून ते ओढून सरळ करावं लागतं. वरचा स्कर्ट कितीही सुरेख बेतलेला असो, आतलं अस्तर फिरायला लागलं की तो कपाटातच पडून राहतो.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे अस्तराची खालची कड स्कर्टच्या दुमडीत धरून सगळ्या घेराला शिवून टाकणं. हा उपाय मला मुळीच पटत नाही. वरचं कापड आणि अस्तर ही वेगवेगळ्या स्वभावाची कापडं. घेरदार स्कर्टच्या बाजू तिरक्या, म्हणजे थोड्याफार उरेप असतात, आणि उरेप कापड स्वतःच्या वजनाने दिवसेंदिवस खाली उतरतं. अस्तर तितकं उतरत नाही. दोघांना खाली एकत्र बांधलं तर वरचं कापड अस्तरावर लटकतं, दुमडीपाशी फुगवटे येतात आणि स्कर्टचा घोळ पार बिघडतो. म्हणून अस्तर कमरेला धरायचं, चेनपाशी धरायचं आणि खाली मोकळं सोडायचं, त्याची स्वतःची दुमड घालून, स्कर्टपेक्षा इंचभर आखूड. आता मोकळं सोडलेलं कापड सरळ का राहावं? कारण तसं राहण्याचं सगळं काम वर, बेतताना आणि टीप मारताना, आधीच झालेलं असतं. ते झालं नसेल तर खाली बांधूनही ते फिरणारच, फक्त जाताना वरच्या कापडालाही सोबत घेऊन जाईल.

मागे एक प्राध्यापिका टसरचा स्कर्ट घेऊन आल्या. दुसरीकडे शिवलेला, जेमतेम दोनदा नेसलेला. म्हणाल्या, "ताई, याचं अस्तर पायाभोवती गुंडाळतं. खालून टाके घालून देता का?" मी म्हटलं, "टाके नंतर बघू. आधी ते कुठून फिरतंय ते पाहू या."

हे पाहायची रीत सोपी आहे. स्कर्ट उलटा करून अस्तर बाहेर घ्यायचं, कंबरपट्टी दोन्ही हातांनी ताठ धरायची, एकदा झटकायचं आणि बाजूच्या शिवणीवरून नजर खाली न्यायची. शिवण ठरावीक जागेपर्यंत सरळ असेल आणि तिथून एकदम वळत असेल, तर तिथे अस्तर कशात तरी अडकलंय. बहुधा ती चेनच्या खालची जागा असते, नाहीतर स्लिटची. पण शिवण कमरेपासून थोडी थोडी, सारख्या वेगाने कलत गेली असेल, तर दोष एका जागी नाही, तो कापडाच्या धाग्यात आहे किंवा टिपेत आहे. या स्कर्टची डावी शिवण वरपासून सारखी कलत, खाली अडीच इंच पुढे आली होती. उजवी तितकीच मागे गेली होती.

अस्तर उसवून पुढचा तुकडा टेबलावर पसरला. खालच्या कडेच्या मध्यावर खूण केली आणि तिथून एक उभा धागा हळूच ओढला. धागा ओढला की कापडावर त्याच्या वाटेची बारीक रेघ उमटते. बरोबर बेतलेल्या तुकड्यात ती रेघ वर कमरेच्या मध्यावर निघायला हवी. इथे ती दीड इंच डावीकडे निघाली. मागच्या तुकड्याचंही तसंच, आणि तोही डावीकडेच. म्हणजे कापणाऱ्याने अस्तराचे दोन थर एकावर एक, दोन्हींची सुलट बाजू वर ठेवून पसरले होते, ते घसरून किनारीपासून तिरपे झाले होते आणि तसेच कापले गेले. दोन्ही तुकडे एकाच बाजूला कललेले असले की बाजूंना जोडल्यावर धागा गोल जिन्यासारखा अंगाभोवती चढत जातो. मग कापड लोंबतं ते धाग्याच्या दिशेने, शिवणीच्या दिशेने नाही. शिवण बिचारी मागून फरपटत येते.

अशा तुकड्याला दुरुस्ती नसते. सुती कापडाचा धागा विणीतच थोडा तिरका झाला असेल तर ओलसर करून, कोपऱ्यांना विरुद्ध दिशेने ताणून, वाफेवर सरळ करता येतो. पण तुकडाच तिरपा कापला गेलाय म्हटल्यावर नवं अस्तर घ्यायचं, एवढाच मार्ग उरतो. त्यांना मी तसं सांगितलं आणि दोन मीटर क्रेप आणायला लावलं.

गुळगुळीत अस्तर बेतताना मी दुमडून कधीच कापत नाही. आधी एका टोकाला आडवा धागा ओढून त्याच रेघेवर कापड कापून घेते, म्हणजे टोक काटकोनात येतं. दुकानात कात्रीने सरसर कापून दिलेल्या टोकावर विश्वास ठेवायचा नाही. मग टेबलावर वर्तमानपत्राचे मोठे कागद चिकटवून, त्यावर कापड एकेरी पसरते, किनार कागदाच्या सरळ कडेला लावते आणि टाचण्यांनी कागदासकट टोचते. कात्री कागद आणि कापड एकत्र कापते, त्यामुळे पात्याखाली कापड पळत नाही. नमुन्याची मधली रेघ किनारीपासून वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी टेपने मोजायची. तिन्ही मापं तंतोतंत एक आली पाहिजेत. कात्रीची धार या कामात कमी महत्त्वाची, टेप जास्त.

त्या स्कर्टची तयार लांबी कंबरपट्टीखाली 34 इंच. अस्तर तयार 33 इंच हवं. त्यात वर अर्धा इंच माया आणि खाली अर्धा-अर्धा इंच दोनदा मुडपायला एक इंच, म्हणजे तुकडा साडेचौतीस इंच लांब. रुंदीला मी अस्तराची कंबर नेमक्या मापापेक्षा थोडी सैल धरते. वरच्या कापडात टक्स असतील तिथे अस्तरात शिवलेला टक्स न घालता नुसती चुणी घेते आणि ती टक्सच्या उलट दिशेला वळवते. त्यामुळे जाडी एका जागी साठत नाही आणि बसताना अस्तराला पसरायला जागा मिळते. घेर मात्र कापड वाचवायला कमी करू नये. अस्तर अरुंद झालं की प्रत्येक पावलाला गुडघा ते ढकलतो आणि अस्तर वर चढत चढत फिरतं. घेर कमी करणं भागच असेल तर दोन्ही बाजूंना आठ-नऊ इंचांची स्लिट ठेवावी. एकाच बाजूला ठेवली तर मोकळ्या बाजूकडे ओढ बसते.

नीट बेतलेलं अस्तरही मशीनवर तिरपं होऊ शकतं, आणि याकडे चांगले चांगले कारागीरही लक्ष देत नाहीत. मशीनचे दात खालचा थर पुढे नेतात आणि पाय वरचा थर किंचित मागे रोखतो. शिवण संपते तेव्हा वरचा तुकडा पाव-अर्धा इंच उरलेला दिसतो. आता एक बाजू खालून कमरेकडे शिवली, पुढचा तुकडा वर ठेवून. तो कमरेपाशी उरला. दुसऱ्या बाजूला पुढचाच तुकडा वर ठेवला तर माया उजवीकडे राहावी म्हणून टीप कमरेपासून खाली न्यावी लागते आणि तो खाली उरतो. उरलेलं दोन्हीकडे छाटून टाकलं की पुढचा तुकडा एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली सरकलेला राहतो, आणि अख्खं अस्तर पिळलं जातं. मागचा तुकडा वर घेऊन दुसरी शिवणही खालून मारली तरी सरक त्याच दिशेने साचते. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी सांगते की उरलेलं टोक छाटायचं नाही, शिवण उसवायची.

ते उरूच नये यासाठी कापतानाच दोन्ही कडांवर दर आठ इंचांवर बारीक खाच द्यावी. खाचेला खाच लावून टाचण्या, मग कच्चा टाका, आणि त्यानंतर टीप. पायाचा दाब थोडा कमी करावा, सुई बारीक घ्यावी. टीप रुंद टोकाकडून अरुंद टोकाकडे, म्हणजे खालून वर. तिरक्या कडेचे धागे त्या दिशेने विसकटत नाहीत आणि कड ताणली जात नाही.

चेनपाशी अस्तर हाताने लावते. चेनच्या दातांपासून पाव इंच दूर, आणि चेनच्या लांबीत किंचित सैल. ताणून लावलं तर संपूर्ण अस्तर त्या एका बाजूने उचललं जातं आणि चेनखाली जोराची सुरकुती पडते. झटकल्यावर एकदम वळणारी शिवण असते ती हीच.

कधी कधी शिवणीत काहीच चुकलेलं नसतं आणि तरी अस्तर पायाला चिकटतं. कोरड्या थंडीत पॉलिएस्टर अस्तराचं असं होतं. ओलसर हात आतून फिरवल्यावर ते सुटलं तर उसवाउसवी करू नये, कापड बदलावं. बेंबर्ग मिळालं तर उत्तम. ते सरकीवरच्या आखूड तंतूंपासून बनतं, घाम शोषतं आणि तरी घसरतं. लेगिंगवर घालायच्या लांब ड्रेसला मात्र खालपर्यंत सुती अस्तर लावू नका. सूत सुताला धरतं आणि प्रत्येक पावलाला वर चढतं. वर छातीपाशी सुती आणि कमरेखाली क्रेप हा आपल्याकडच्या शिंप्यांचा तोडगा मला अगदी योग्य वाटतो. सुती भाग कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवून घ्यायचा.

नवं अस्तर कमरेला लावून तो टसर स्कर्ट रात्रभर टांगून ठेवला. सकाळी अस्तराची कड जमिनीपासून सगळीकडे मोजून सारखी केली आणि मग दुमड घातली. सगळ्यांत शेवटी दोन्ही बाजूंच्या शिवणींवर दोऱ्याची साखळी: दुहेरी दोऱ्याची, बोटांनी फासे ओढत केलेली, दीड इंच लांब. एक टोक अस्तराच्या दुमडीला, दुसरं स्कर्टच्या दुमडीच्या वर शिवणीच्या मायेला. त्या दोन जागांमधलं अंतर इंचापेक्षा कमीच असतं, त्यामुळे साखळी सैल लोंबते. बसता-उठताना अस्तर फार वर जाऊ नये इतकंच तिचं काम. चालताना ती ताणलेली दिसली तर आखूड झाली असं समजून तोडायची आणि नवी करायची.

स्कर्ट न्यायला आल्या तेव्हा बाईंनी तो घालून दुकानातून रस्त्यापर्यंत चार फेऱ्या मारल्या. शिवण जिथल्या तिथे होती. इस्त्रीचं मी त्यांना मुद्दाम सांगितलं: अस्तर आधी, उलट्या बाजूने, कोमट इस्त्रीने, आणि नेहमी कमरेपासून खाली उभ्या धाग्याने. इस्त्री आडवी घासत नेली तर क्रेप तिरपं ताणलं जातं.