वाक्याच्या शेवटचं ‘नाही’

भोर तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाड्यांमधले माझे बरेच रुग्ण मधुमेहाचे आहेत. दर वेळी त्यांना पुण्याला बोलावणं बरोबर नाही, म्हणून मी त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. तिथे रेंज कमी असते हे मला माहीत होतं, आणि माझं बोलणं नीट कळलं नाही की दोष मी रेंजला देऊन मोकळा व्हायचो.

एका मावशींना मी तपासणीची सूचना दिली होती : ‘रात्रीच्या जेवणानंतर 8 तास काही खायचं नाही, आणि सकाळी चहा घेऊन यायचं नाही.’ त्या सकाळच्या एसटीने तालुक्याला उतरल्या, पण चहा घेऊन. उपाशीपोटीची साखर तपासता आली नाही. तिकीट गेलं, दिवसाची मजुरीही बुडाली. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘डॉक्टर, चहा घेऊन यायचं, असं तुम्हीच म्हणालात ना?’ त्या खरंच सांगत होत्या. त्यांच्यापर्यंत तेवढंच पोचलं होतं.

मग वाडीतल्या आशाताईंना मी विनंती केली. पुढच्या कॉलला त्यांनी रुग्णाच्या फोनशेजारी स्वतःचा फोन ठेवला, माझा आवाज रेकॉर्ड केला आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवला. तो ऐकताना मला वाईट वाटलं. वाक्यांची सुरुवात बऱ्यापैकी कळत होती, शेवट मात्र जागोजागी गायब होता.

कॉलवर आवाज साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो. उशिरा पोचलेला तुकडा ॲप सोडून देतं आणि आधीचा आवाज किंचित ताणून ती फट बुजवतं. एखाददुसरा तुकडा गेला तर कानाला कळतही नाही. पण सलग दहा-पंधरा गेले, तर ‘नाही’ हा अख्खा शब्द त्यात जातो. मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो, आणि तो गळला तरी उरलेलं वाक्य पूर्ण वाटतं, फक्त उलट अर्थाचं. शिवाय वाक्य संपताना माझा आवाज खाली जायचा. लॅपटॉपचा माइक हातभर लांब आणि डोक्यावर पंखा असताना गोंगाट कमी करणारी यंत्रणा तो पुटपुटता शेवट गोंगाट समजून दाबत असणार.

यावर मी केलेला पहिला उपायही चुकीचा होता. मी मोठ्याने आणि शब्द ताणून बोलू लागलो. ओरडल्याने आवाज फाटायचा. ताणल्याने शब्दाचीच ओळख जायची. तुकडे गळायचे ते गळतच राहिले. वेग कमी करायचा तो शब्दांच्या आत नव्हे, वाक्यांच्या मध्ये. आता मी नेहमीच्या वेगाने एक छोटं वाक्य बोलतो आणि मनात दोन आकडे मोजून थांबतो. आवाज तिकडे उशिरा पोचतो, त्यांचा ‘हो’ आणखी उशिरा परत येतो. पूर्वी तेवढ्यात मी पुढचं वाक्य सुरू केलेलं असायचं. दोघं एकदम बोललो की प्रतिध्वनी काढणारी यंत्रणा एकाचा आवाज दाबते, आणि त्यात रुग्णाची शंका मला ऐकूच यायची नाही.

सूचनेची रचनाही बदलली. आता मी म्हणतो, ‘उपाशीपोटी या.’ थांबतो. ‘सकाळी फक्त पाणी प्या.’ यातला शेवटचा शब्द गळला तरी अर्थ उलटत नाही. ‘कळलं का?’ विचारणं सोडलं, कारण त्याला उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘सकाळी काय घेणार?’ असं विचारतो. उत्तर चुकलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगतो.

माइकसाठी साधा वायरचा इअरफोन पुरला. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला ठेवतो. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वास त्यावर आदळतो. वायर शर्टाच्या कॉलरला घासू द्यायची नाही. अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत थेट पोचणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे नुसता आवाज वाढवून काही साधत नाही.

आणखी एक चूक बराच काळ माझ्या लक्षात आली नव्हती. आवाज तुटला की मी रुग्णाला त्यांचा कॅमेरा बंद करायला सांगायचो आणि माझा चालू ठेवायचो. त्यांच्या फोनवर माझ्या आवाजाची वाट अडवत होतं माझंच चित्र. आवाजाला लागतो त्याच्या कित्येक पट डेटा चित्राला लागतो. आता ओळख पटली, चेहरा दिसला, की मी आधी माझा कॅमेरा बंद करतो. पाय किंवा जखम पाहायची असेल तेव्हा त्यांचा चालू ठेवायला सांगतो.

कॉल पुरताच तुटत असेल तर यातलं काही चालत नाही. मग साधा फोन लावायचा आणि औषधाचं नाव, मात्रा व वेळ मेसेजमध्ये लिहून पाठवायची. लांबच्या गावातल्या कुणालाही कॉलवर महत्त्वाच्या सूचना देत असाल, तर पलीकडे दुसरा फोन ठेवून तुमचा आवाज एकदा रेकॉर्ड करून मागवा आणि प्रत्येक वाक्याचा शेवट ऐका.