जुन्या पत्त्यावरची वर्षभराची टपालं

आमचा जुना ईमेल पत्ता 2008 साली कर्जत स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत तयार झाला. बी.एड.च्या फॉर्मसाठी तो घाईघाईत हवा होता. कॅफेतल्या मुलाने आडनाव टाइप करताना shaikh मधला a गाळला आणि आम्हीही न बघता मान हलवली. त्यानंतर जवळपास पंधरा वर्षं घरातला प्रत्येक कागद त्याच पत्त्यावर आला. बँक, विमा, गाडी, मुलीचं कॉलेज, सगळं तिथेच. फोनवर पत्ता सांगताना दर वेळी "मध्ये ए नाही बरं का" म्हणावं लागायचं. ऐकणारा तरी सवयीने a टाकायचाच, आणि आमचा कागद तसा पत्ता असलेल्या कुणा अनोळखी माणसाकडे जायचा.

एकदा मुलीच्या आधारची प्रत अशीच भलत्या ठिकाणी गेली, तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं की आता पत्ता बदलायचाच. जून महिना होता, शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या.

नवा पत्ता पाच मिनिटांत झाला. खरं काम जुन्याचं होतं. अम्मींनी विचारलं, "घर बदललं तर पोस्टमनला सांगतो ना आपण? तसं इथे कुणाला सांगायचं?" प्रश्न बरोबर होता. जुनं खातं बंद न करता त्यातली टपालं नव्याकडे वळवायची, हेच त्याचं उत्तर.

ही सोय मोबाइलमधल्या जीमेलच्या ॲपमध्ये मिळत नाही, संगणकावर बसावं लागतं. जुनं खातं उघडून वरच्या दातेरी चाकावर क्लिक केलं, See all settings मध्ये गेलो आणि Forwarding and POP/IMAP हा भाग उघडला. तिथे Add a forwarding address वर नवा पत्ता दिला. लगेच नव्या खात्यात खात्री करून घेणारं मेल आलं, त्यातली लिंक दाबली. बरेच जण इथे थांबतात आणि मग म्हणतात की काही येतच नाही. लिंक दाबल्यावर परत जुन्या खात्यात जाऊन Forward a copy of incoming mail to हा पर्याय निवडावा लागतो. त्याच्या शेजारी keep Gmail's copy in the Inbox ठेवावं, म्हणजे मूळ प्रत जुन्या जागीही राहते. शेवटी खाली Save Changes.

नव्या खात्यात आम्ही एक गाळणीही लावली. शोधाच्या चौकटीतल्या पर्यायांत To च्या जागी जुना पत्ता लिहिला, Create filter दाबलं आणि अशा प्रत्येक मेलवर 'जुना पत्ता' असं लेबल लागेल अशी व्यवस्था केली. वळवून आलेल्या मेलवर मूळ पत्ता तसाच राहतो, म्हणून हे जमतं. या लेबलखाली आलेलं प्रत्येक मेल म्हणजे आमचा नवा पत्ता अजून न कळलेली एक संस्था.

मग मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली आणि त्यावर तीन रकाने आखले. कुणाचं मेल आलं, पत्ता कधी बदलला, आणि नव्या पत्त्यावर पहिलं मेल कधी आलं. तिसरा रकाना महत्त्वाचा. एका ठिकाणी आम्ही पत्ता बदलला होता, पडद्यावर तसं दिसतही होतं, पण पावत्या जुन्याकडेच येत राहिल्या. लॉगिनचा पत्ता आणि पावतीचा पत्ता तिथे वेगवेगळे नोंदलेले होते. तिसरा रकाना रिकामा राहिला नसता तर ते कळलं नसतं.

पहिल्या दोन महिन्यांत वही भराभर भरली. बँक, विजेचं बिल, गॅस, आणि खालापूरचा टोल ज्यातून कापला जातो तो फास्टॅग. अनेक ठिकाणी पत्ता बदलायला आधी जुन्याच पत्त्यावर ओटीपी आला. उत्साहाच्या भरात जुनं खातं काढून टाकलं असतं, तर ही दारं आम्हीच लावून घेतली असती.

सप्टेंबरात लेबलखाली आठवडाभर काहीच आलं नाही. आम्हाला वाटलं, झालं काम. पण ऑक्टोबरात एका शुक्रवारी, नमाजनंतर जेवणं झाली आणि सहज जुनं खातं उघडलं. स्पॅममध्ये मुलीच्या शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचं मेल पडलेलं होतं. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट आहे, पाच दिवसांत नवी जोडा. त्यातले तीन दिवस गेले होते. नेमका कर्जतमध्ये दुपारी पाऊस आणि वीज गेलेली. संध्याकाळी खोपोलीला ओळखीच्यांकडे जाऊन दाखला स्कॅन केला आणि पाठवला. वर्षाची फी त्यावर होती. अल्हम्दुलिल्लाह, अर्ज टिकला.

चूक आमच्या समजुतीत होती. जीमेल जुन्या खात्यात स्पॅम ठरलेलं मेल पुढे पाठवतच नाही. नव्या खात्यातली गाळणी कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही. त्या दिवसापासून दर शुक्रवारी जुन्या खात्यातलं स्पॅम बघायचं, हे मुलीचं काम ठरलं. स्पॅम 30 दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून महिन्यातून एकदा बघणं पुरेसं नाही. शिवाय पाच दिवसांची मुदत महिनाभर थांबत नाही.

वर्षभरच का, हे मे महिन्यात समजलं. तोवर चार महिने लेबलखाली जाहिरातींशिवाय काही नव्हतं. आणि मग गाडीच्या विम्याची सूचना आली. विमा कंपनी वर्षातून एकदाच लिहिते, तेही पॉलिसी संपायच्या आधी. तिचं नाव आमच्या वहीत नव्हतंच, कारण आधीच्या अकरा महिन्यांत तिने काही लिहिलंच नव्हतं. रोज त्याच गाडीने कर्जतहून खालापूरला जायचं, आणि विमा नसताना अपघात झाला तर भरपाई खिशातून. दरमहा लिहिणारे लवकर सापडतात, वर्षातून एकदा लिहिणारे वर्ष पूर्ण झाल्याशिवाय सापडत नाहीत.

वर्ष संपलं तेव्हा आम्ही खातं काढून टाकलं नाही. फक्त त्याच्या किल्ल्या बदलल्या. तपासलं तर जुन्या खात्याच्या सुरक्षेसाठी दिलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद झालेल्या सिमचा होता. बंद नंबर किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे आमच्या खात्याची एक किल्ली कुणाच्याही हातात असू शकली असती. तिथे आताचा नंबर आणि नवा पत्ता दिला. नव्या खात्याच्या सुरक्षेसाठी मात्र जुना पत्ता ठेवला नाही, नाहीतर एक बंद पडलं की दुसऱ्याचंही दार अडतं.

दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, आणि नुसती मेल येत राहणं म्हणजे वापर नव्हे. म्हणून आता दर ईदला आम्ही त्यात एकदा लॉगिन करतो, दोन-चार मेल उघडून वाचतो. वही कपाटात आहे. तिच्या शेवटच्या पानावर अम्मींच्या सांगण्यावरून मुलीने दोन्ही खात्यांची नावं लिहून ठेवली आहेत. पासवर्ड नाहीत, फक्त नावं. आमच्या माघारी कुणाला टपाल शोधावं लागलं तर निदान कुठे बघायचं ते कळेल.