दगडाचा पुन्हा दगड

माझं खताचं दुकान होतं आणि शेतीही होती, त्यामुळे चुकीचा सल्ला मी लोकांना दिला तेवढाच स्वतःच्या रानातही मनापासून राबवला. रान नगर जिल्ह्यातलं, काळं आणि चुनखडीचं. विहिरीच्या मातीत पांढरे खडे दिसायचे आणि त्यांवर लिंबू पिळलं की फेस यायचा. स्फुरदाबद्दलची महत्त्वाची गोष्ट तो फेसच सांगत होता, पण आम्ही गंमत म्हणून बघायचो.

डीएपीच्या पन्नास किलोच्या गोणीत तेवीस किलो स्फुरद असतं. मी ते पेरणीआधी रानभर फोकून द्यायचो आणि कुळवाची पाळी घालायचो. सगळीकडे सारखं पडलं पाहिजे, असा आग्रह होता. नेमकं हेच वाईट. दाणा विरघळला की त्यातलं स्फुरद दाण्यापासून फार तर एक-दोन सेंटिमीटर सरकतं, नत्रासारखं पाण्याबरोबर खाली जात नाही. वाटेत चुन्याचे कण भेटले की आधी त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतं, मग डायकॅल्शियम फॉस्फेट होतं आणि पुढे हळूहळू ॲपेटाइटच्या दिशेने सरकत जातं. ॲपेटाइट म्हणजे रॉक फॉस्फेटमधलं मूळ खनिज. मोरोक्को-जॉर्डनहून तो दगड आणायचा, कारखान्यात आम्लात विरघळवायचा, गोणीत भरायचा आणि मी तो फोकून पुन्हा दगड होण्याच्या वाटेला लावायचो. दाणा जितका विखुरला, तितका चुना त्याला जास्त भेटला. पहिल्या हंगामात पिकाला टाकलेल्यातलं साधारण पंधरा-वीस टक्केच मिळतं. म्हणजे गोणीमागे चार किलो.

एका रब्बीत मका जांभळा पडला. खालच्या पानांच्या कडा लालसर-जांभळ्या, रोपं खुरटलेली. स्फुरद कमी पडलं, हे निदान बरोबर होतं, कारण मात्र चुकीचं लावलं. मी उभ्या पिकात डीएपी वरून टाकलं आणि पाणी दिलं. पंधरवड्यात मका हिरवागार झाला. दुकानात बसून मी ही गोष्ट रंगवून सांगितली, गोण्याही बऱ्या खपल्या.

बांधालगतच्या काही ओळींना मात्र खत पुरलं नव्हतं, फक्त युरिया मिळाला होता. त्याही तितक्याच हिरव्या झाल्या. हे मी पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. झालं होतं एवढंच, की थंडी ओसरली. गार मातीत मुळं वाढत नाहीत आणि स्फुरदही मुळाकडे फारच सावकाश सरकतं. ऊन वाढलं, मुळं पसरली, तेव्हा जमिनीत आधीपासून असलेलं स्फुरद त्यांना गाठता आलं. माझं वरचं डीएपी तर वरच्या बोटभर मातीतच अडकलं होतं.

तरी मी पुढची वर्षं डोस वाढवतच गेलो. जमीन खत खाते ना, मग तिला पोटभर घालू, असा हिशेब. पैशांचा फटका सोसला असता, पण एका खरिपात मक्याच्या कोवळ्या पानांवर मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पांढरे पट्टे उमटले. मी त्यालाही स्फुरदच देणार होतो. नशिबाने घरातल्या पोरानं माती तपासायला पाठवली. अहवालात सामू ८.४, स्फुरद ‘अत्यंत जास्त’ आणि जस्त ०.६ पीपीएमच्या मर्यादेखाली. चुनखडीत जस्त आधीच दुर्मिळ, त्यात स्फुरदाचा मारा झाला की पिकाला तेही पुरेसं मिळेना. त्या वर्षी कणसं अर्धी भरली.

मला चटका बसला तो ‘अत्यंत जास्त’ या शब्दांचा. म्हणजे बांधलं गेलेलं स्फुरद वाहून गेलं नव्हतं. त्यातला बराच भाग साठून होता आणि थोडा थोडा परत सुटत होता. पंधरा-वीस टक्क्यांचा आकडा एका हंगामाचा, अनेक वर्षांचा नव्हे. पीक बहुतेक स्फुरद या जुन्या साठ्यातूनच उचलतं. नव्या खताचं खरं काम रोपाचं मूळ आखूड असतं तेवढ्या दिवसांचं.

मग दोन चाड्यांची पाभर आणली. बियाण्याच्या बाजूला आणि खाली दोन बोटं खत पडेल असं बसवलं, कारण डीएपी बियाण्याला चिकटून पडलं तर त्यातला अमोनिया उगवण मारतो. पट्ट्यात खत एकवटलं की आसपासचा थोडाच चुना भिडतो. रोप उपटलं, तर त्या पट्ट्याजवळ मुळांची दाट जाळी दिसायची, फोकलेल्या रानात तशी कधीच दिसली नाही. जस्त सल्फेट वेगळं दिलं, डीएपीत मिसळून नाही. डोस अर्ध्यावर आणला आणि एक पट्टा मुद्दाम स्फुरदाविना ठेवला. काही हंगाम त्यात आणि बाकी रानात पोत्याचाही फरक पडला नाही. हे दुकानात सांगायला मात्र मला बराच वेळ लागला.