सरकणारा भारत

ओएचपीच्या काचेवर सर हिरव्या जिलेटिन कागदातून कापलेला भारत ठेवायचे. खाली आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका काढलेली एक ट्रान्सपरन्सी असायची. बोलता बोलता ते तो तुकडा बोटाने वर सरकवत, आणि पडद्यावर त्यांच्या हाताच्या सावलीसकट आपला देश उत्तरेकडे निघायचा. दिव्याच्या उष्णतेने कागदाच्या कडा वळायच्या. पण बोटाला कुठे थांबायचं आणि कुठे घाई करायची, ते ठाऊक होतं. भूगर्भशास्त्राची गोडी मला लागली ती त्या बोटामुळे.

पुढे संगणक आले, तेव्हा मी हाच भारत पॉवरपॉइंटच्या मोशन पाथवर चालवायचो. हिरव्या बाणाकडून लाल बाणाकडे आकृती जायची. पण पुढच्या स्लाइडवर तो भारत नेमका तिथेच ठेवणं फार जिकिरीचं होतं. जरा हुकलं, की अख्खा देश टुणकन उडी मारायचा, आणि मुलांच्या डोळ्यांसमोरची सलग हालचाल तुटायची.

2015च्या अखेरीस मॉर्फ आलं आणि ही कटकट संपली. आता वाट आखावी लागत नाही. स्लाइडची प्रत काढायची, प्रतीत भारत हवा तिथे सरकवायचा, थोडा फिरवायचा आणि त्या दुसऱ्या स्लाइडला मॉर्फ लावायचं. मधली हालचाल पॉवरपॉइंट स्वतः भरून काढतं. माझ्याकडे अशा पाच स्लाइड आहेत: 12 कोटी वर्षांपूर्वीचा भारत, मादागास्करपासून सुटतानाचा 9 कोटी वर्षांपूर्वीचा, दख्खनचा लाव्हा उसळला तेव्हाचा म्हणजे 6.6 कोटींचा, आशियाला भिडतानाचा साधारण 5 कोटींचा, आणि आजचा.

या पाचही स्लाइडवर एक नारिंगी ठिपका मी जागचा हलू देत नाही. तो रियुनियनचा तप्तबिंदू. सहाव्या इयत्तेपासून मुलांनी 'सह्याद्री लाव्हाचा बनला' हे ऐकलेलं असतं, पण त्या लाव्हाचा उगम आज मॉरिशसशेजारी कसा, हे कळत नाही. तिसऱ्या स्लाइडवर भारताचा पश्चिम भाग त्या ठिपक्यावर येतो. पुढच्या क्लिकला ठिपका तिथेच राहतो आणि भारत निघून जातो. जाताना त्याच्यामागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी समुद्रातल्या डोंगरांची रांग उमटते. उगम दूर गेला नाही, आपण दूर आलो, हे सांगावंच लागत नाही.

वेगाचं मात्र जपून करावं लागतं. मॉर्फची मुदत आपण ठरवली नाही तर चारही प्रवास एकाच वेळात उरकतात आणि शास्त्र चुकतं. म्हणून मी एक कोटी वर्षांना एक सेकंद धरतो. Transitions टॅबवरच्या Duration मध्ये चौथ्या स्लाइडला 01.60 आणि पाचव्याला 05.00. लाव्हानंतर भारत वर्षाला 15 सेंटीमीटरच्या आसपास धावत होता, आशियाला भिडल्यावर 5 सेंटीमीटरवर आला. त्यामुळे या दोन टप्प्यांतलं अंतर जवळजवळ सारखंच, सुमारे अडीच हजार किलोमीटर, आणि तरी एक झटक्यात संपतं, दुसरं रेंगाळतं. मुलं 'टक्कर झाली' असं आपणहून म्हणतात.

कधी भारत सरकण्याऐवजी एका जागी विरघळतो आणि दुसऱ्या जागी उगवतो. तसं दिसलं, की समजायचं, दोन्ही आकृत्या एकच आहेत हे पॉवरपॉइंटला ओळखता आलेलं नाही. बहुधा दुसऱ्या स्लाइडवर नकाशा नव्याने काढलेला असतो. Alt+F10 दाबून Selection Pane उघडायचं आणि दोन्हीकडे त्याच नावापुढे दोन उद्गारचिन्हं द्यायची:

```
!!India
```

एका स्लाइडवर हे नाव एकदाच वापरायचं. एका बाजूला आखलेली आकृती आणि दुसऱ्या बाजूला चित्र असेल, तर नाव देऊनही जमत नाही. पॉवरपॉइंट 2013 सारख्या जुन्या आवृत्तीत तर सगळंच विरघळताना दिसतं. म्हणून अनोळखी सभागृहात मी आपला लॅपटॉप घेऊनच जातो.

एक गोष्ट सरांच्या बोटाला जमायची, ती मॉर्फला अजून जमत नाही. मॉर्फ प्रत्येक टप्पा हळू सुरू करतं आणि हळू थांबवतं, शिवाय वाट सरळ रेषेची. त्यामुळे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारत लाव्हावर क्षणभर विसावला, असा भास होतो. तो कधीच विसावला नव्हता. हे मी त्या स्लाइडवर थांबून तोंडानेच सांगतो, आणि मगच पुढची क्लिक देतो.