फोटोतल्या फॉर्मबद्दल

पुणे, रविवार

चि. सायली हिस,


माग्डेबुर्गला पोचलीस आणि खोलीही मिळाली, हे वाचून बरं वाटलं. नगरपालिकेत रहिवासाची नोंद करायच्या फॉर्मचा फोटो मिळाला. उजवी कड कापली गेली आहे आणि तळाच्या बारीक टिपा पुसट आल्या आहेत. कागद खिडकीपाशी सपाट ठेवून, बरोबर वरून पुन्हा फोटो काढ. मागची बाजूही पाठव, कारण सही बहुधा तिथेच असते. जेवढं वाचता आलं त्यावरून चौकटी सांगते. त्यात लिहायचे जर्मन शब्द वेगळ्या कागदावर रोमन अक्षरांत लिहून फोटो जोडला आहे, तेच उतरवून घे.

आधी सगळ्यांना लागू पडणारं. पासपोर्ट समोर ठेव आणि त्यावर जशी अक्षरं आहेत तशीच लिही. तारीख आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, मध्ये टिंब. सातच्या दांड्याला मधोमध आडवी रेघ दे. तिथे एकचा आकडा वर चढत्या लांब रेघेने लिहितात, त्यामुळे आपला साधा सात त्यांना एक वाटू शकतो. वरच्या कोपऱ्यातल्या कार्यालयीन शिक्क्याच्या चौकटी कोऱ्या सोड.

पहिली चौकट 'आइनत्सूग', म्हणजे राहायला आल्याची तारीख. करार सुरू झाल्याची तारीख इथे नको. ज्या दिवशी सामान घेऊन खोलीत राहायला गेलीस तीच लिही. घरमालकाने सही करून द्यायचा 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' नावाचा कागद असतो, त्यावरही हीच तारीख हवी. दोन तारखा जुळल्या नाहीत तर खिडकीवरचा माणूस फॉर्म परत करू शकतो. नुसता भाडेकरार या कागदाऐवजी चालत नाही, आणि हा कागद देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा मागायला संकोच नको. नोंदीची मुदत राहायला गेल्यापासून दोन आठवडे आहे. त्यात भेटीची वेळ मिळत नसेल, तर वेळ घेतल्याची पावती जपून ठेव.

घराबद्दल तीन पर्याय आहेत: एकमेव, मुख्य आणि दुय्यम. पुण्याचं घर डोळ्यासमोर ठेवून तू 'दुय्यम'वर खूण केलीस, ती खोड. हा प्रश्न फक्त जर्मनीतल्या घरांपुरता आहे. तिथे तुझी एकच खोली, म्हणून 'एकमेव'. पुण्याचा पत्ता आधीच्या घराच्या चौकटीत येईल, देशाच्या नावासह.

आता नावं. इथेच आपल्याकडच्या माणसांचा गोंधळ होतो. 'फामिलिएननामं' म्हणजे फक्त आडनाव: देशपांडे. तू तिथे संपूर्ण नाव लिहिलं आहेस. 'फोरनामन' म्हणजे पासपोर्टवर आडनाव सोडून जे नाव छापलं आहे ते सगळं, म्हणजे 'सायली मंगेश'. नवऱ्याचं नाव आपलं कसं, असं तुला वाटेल. पण पासपोर्टवर ते तुझ्या नावाच्या ओळीत आहे, आणि तिथलं कार्यालय त्या ओळीला तुझंच नाव मानतं. ते गाळलंस तर पुढे निवास परवाना आणि बँकेचं खातं पासपोर्टशी जुळणार नाही, आणि प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावं लागेल. याच चौकटीत कंसात 'रूफनामं' अधोरेखित करायला सांगितलं आहे. हाक मारायचं नाव कोणतं एवढंच त्यांना हवं आहे. जर्मन माणसालाही दोन-तीन नावं असतात आणि तो कधी दुसऱ्या नावाने ओळखला जातो. तू 'सायली'खाली रेघ मार.

'गेबुर्ट्सनामं' ही चौकट तू रिकामी सोडलीस. जन्मावेळचं आडनाव लग्नानंतर बदललं असेल, तर ते इथे लिहायचं. तुझ्या बाबतीत फक्त 'कुलकर्णी'. माहेरचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, इथे येत नाही. लग्नाचा दाखला बरोबर ने. जन्माच्या दाखल्यावरची कुलकर्णी आणि पासपोर्टवरची देशपांडे ही एकच बाई आहे, हे तोच सांगतो. लग्नाच्या तारखेच्या चौकटीत विधी झाला तो दिवस लिही. दाखल्यावर नोंदणीची तारीख वेगळी असते, तिच्याशी गल्लत करू नकोस. 'फामिलिएनश्टांट' म्हणजे वैवाहिक स्थिती, तिथे 'विवाहित'. मंगेशराव इथे असले तरी त्यांचं नाव आणि जन्मतारीख विचारतील, ती जवळ ठेव.

सगळ्यात जपून भरायची चौकट 'रेलिगिओन्सगेझेलशाफ्ट'. तू 'हिंदू' लिहिलंस, आपल्या फॉर्मांच्या सवयीने कोणीही तेच लिहील. पण इथे श्रद्धा विचारलेली नाही. जर्मनीत काही धर्मसंस्थांना सार्वजनिक संस्थेचा दर्जा आहे, आणि त्यांच्या सभासदांकडून सरकारी आयकर खातं त्यांच्यासाठी चर्च-कर गोळा करतं. तुम्ही अशा संस्थेचे सभासद आहात का, एवढंच ही चौकट विचारते. म्हणून तुझं उत्तर 'कोणतीही नाही', आणि ते पूर्ण खरं आहे.

वसईची तुझी मैत्रीण कॅथलिक आहे. तिचं उत्तर वेगळं, आणि तिला ते माहीत असायला हवं. हा कर आयकराच्या वर बसतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यांत आयकराच्या 8 टक्के, बाकी सगळीकडे 9 टक्के. समजा नोकरीत वर्षाचा आयकर 4,000 युरो झाला, तर तुमच्या राज्यात चर्च-कर 360 युरो होईल. शिकताना आयकरच लागत नसेल, तर हाही शून्य. तिने चौकटीत खरं तेच लिहावं. पुढे सभासदत्व नको वाटलं, तर त्यासाठी रीतसर सरकारी नोंद करून बाहेर पडावं लागतं. फॉर्मवर मौन पाळणं हा तो मार्ग नव्हे. ठरवायचं ते तिने ठरवावं, पण पहिल्या पगाराची चिठ्ठी बघून तिला धक्का बसू नये.

राहिला पासपोर्टचा तक्ता. त्यात 'आर पी' म्हणजे पासपोर्ट, त्यावर खूण कर. मग कुठे दिला, क्रमांक, दिल्याची तारीख आणि मुदत, याच क्रमाने. राष्ट्रीयत्वात 'भारतीय'चा जर्मन शब्द मी दिला आहे. जन्मगाव पासपोर्टवर आहे तेच लिही. घरात आपण कुठलंही गाव सांगत असलो तरी.

एक गोष्ट फॉर्मवर नाही, पण याच नोंदीला जोडलेली आहे. नोंद झाली की काही आठवड्यांत तुझा 11 अंकी करक्रमांक टपालाने येईल. टपालपेटीवर तुझं आडनाव नसेल, तर पत्र परत जातं. मालकाची पाटी असली तरी तिच्याखाली 'देशपांडे' अशी चिठ्ठी आजच चिकटव.

काम झालं की नोंदीचा छापील दाखला हातात देतील. उठायच्या आधी त्यावरचं प्रत्येक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा, आणि चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घे. पुढच्या सगळ्या कार्यालयांत तुझं नाव याच कागदावरून उतरवलं जाणार आहे.

नवा फोटो आला की राहिलेल्या चौकटी लगेच सांगते.

तुझी,
मावशी