सकाळच्या फुलांमागची गोष्ट

चि. मुक्ता,

परवा फोनवर तू वैतागलीस, ते मनात राहिलं. इथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा टोरांटोत तुम्ही आदल्या रात्रीचं जेवण उरकत असता आणि तेवढ्यात घरच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ'च्या चित्रांची रांग लागते. त्रास होणारच. पण ही सवय कशी लागली ते ऐक.

2016च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मुलांचे जुने स्मार्टफोन घरातल्या थोरांच्या हाती आले. तात्यांना बोलायचं खूप असे, पण छोट्या कीबोर्डवर जोडाक्षर जुळवता जुळवता ते थकून जात. चित्रावर अक्षरं आयती. सोमवारी शंकर, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. उद्याचं चित्र ते रात्रीच निवडून ठेवतात. ती त्यांची हजेरी आहे. एकदा आठ वाजले तरी त्यांचं चित्र आलं नाही, म्हणून काकांनी शेजाऱ्यांना फोन केला. तात्या तापाने फणफणले होते. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी ही सोय मला फार मोलाची वाटते.

बिघडतं कुठे? एक चित्र साधारण दीडशे केबीचं धर. बारा जणांनी रोज एकेक टाकलं तर वर्षाला साडेसहाशे एमबी, तेही एकाच ग्रुपचे. तात्यांच्या सोळा जीबीच्या फोनला असे पाच ग्रुप झेपत नाहीत. भारतात रोज तीनातल्या एका स्मार्टफोनची जागा संपते, अमेरिकेत दहातल्या एकाची, अशी वेस्टर्न डिजिटलच्या हवाल्याने बातमी 2018च्या जानेवारीत आली होती, आणि त्यामागे हीच चित्रं असल्याचं गूगलला आढळल्याचं त्यात म्हटलं होतं.

पण जागा रिकामी करता येते. खरा त्रास वेगळा आहे. मावशीआजी गेल्याचा निरोप पहाटे ग्रुपवर आला. त्याखाली सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा येत राहिले. कोणी वाईट हेतूने टाकलं नव्हतं. वरचं न वाचताच पुढे पाठवलं होतं. निरोप वर सरकला आणि दोघांना अंत्यदर्शन मिळालं नाही. चित्र पाठवणारा ग्रुपवर काय आलंय ते वाचेनासा झाला, की ती हजेरी राहत नाही.

म्हणून मी 'घरचे निरोप' असा दुसरा ग्रुप काढलाय. त्यात फक्त ॲडमिनच लिहू शकतात, मी आणि काका. जुना ग्रुप तू खुशाल म्यूट कर आणि मीडियाचं ऑटो-डाउनलोड बंद ठेव. तात्यांना मात्र रविवारी वेगळा व्हॉइस मेसेज पाठवत जा. त्यात टाइप करावं लागत नाही, उत्तरही ते बोलूनच देतील.

तुझी,
आत्या